शब्दचर्चा: लग्नाच्या वाढदिवसाचा एकच निरोप, मराठीतून आणि हिंदीतून

मंगळवारपेठ (कोल्हापूर): माझी शाळेपासूनची मैत्रीण लग्न होऊन लखनौला गेली. नवरा तिकडचाच, त्याला मराठी कळत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या लग्नाला दहा वर्षं होतील. दोघांनाही वाचता येईल असा निरोप लिहायचाय, म्हणून आधी मराठीत लिहिला आणि मग त्याचंच हिंदी केलं. पण वाचताना दोन्ही कोरडे वाटतात, दुकानातल्या कार्डावरचे असावेत तसे. हिंदीत शब्द चुकलेत काय तेही सांगा.

मराठी: «प्रिय मैत्रिणीस, लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तुमचा संसार असाच सुखाचा होवो. मला तुझं खूप कौतुक वाटतं. मी तुझी रोज आठवण काढतो.»

हिंदी: «प्रिय सहेली, शादी के दसवें सालगिरह की हार्दिक शुभकामनाएँ। आप दोनों का संसार ऐसे ही सुखी रहे। मुझे तुम्हारा बहुत कौतुक लगता है। मैं तुम्हें रोज़ याद करता हूँ।»

शब्दवेडा: पहिली चूक मराठीतच आहे. वाढदिवस माणसाचा असतो, कारण माणूस वाढतो. लग्नाचा ‘वर्धापनदिन’ म्हणायला हवं. दुसरी हिंदीत आहे. ‘सालगिरह’ स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘शादी की दसवीं सालगिरह’. आपण मराठी माणसं वाढदिवस डोक्यात ठेवून त्याला पुल्लिंगी करून टाकतो.

विदर्भकन्या: दादा, एक सुचवू का? तुम्ही पुरुष आहात आणि विवाहित मैत्रिणीला ‘रोज आठवण काढतो’ असं लिहिताय, तेही तिचा नवरा वाचणार आहे. तुमच्या मनात काही नसेल, पण ते वाक्य काढलेलं बरं.

मंगळवारपेठ: अहो ताई, मी बाई आहे! आमच्या कोल्हापुरात बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात. घरात आई, मावशी, मी, सगळ्या असंच बोलतो. लिहिताना ते तसंच उतरलं.

विदर्भकन्या: माफ करा. हे ऐकून होते, पण लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

हिंदीचे मास्तर (गडहिंग्लज): विदर्भकन्येचा गोंधळ झाला ते बरंच झालं, कारण लखनौत हिंदी निरोप वाचणाऱ्यांचाही नेमका तोच होईल. मराठीतला ‘काढतो’ तिथं ‘करता हूँ’ झालाय. मैत्रीण कोल्हापूरची आहे, तिला मराठीतल्या ‘काढतो’मध्ये तुमचा आवाज ऐकू येईल. हिंदीतल्या ‘करता हूँ’मध्ये नवऱ्याला फक्त कुणीतरी पुरुष दिसेल. म्हणजे एकच रूप एका भाषेत जवळीक सांगतं आणि दुसऱ्या भाषेत भलतंच काही. हिंदीत ‘करती हूँ’च पाहिजे.

शब्दवेडा यांचं सालगिरहबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. ‘गिरह’ म्हणजे गाठ. दर वर्षी दोऱ्याला एक गाठ मारायची, त्यावरून तो शब्द आला. हिंदी ‘वर्षगाँठ’मध्येही तीच गाठ आहे आणि दोन्ही स्त्रीलिंगी. वर्धापनदिनाचं मात्र मला पटत नाही. ‘वर्धापन’ हा शब्दही वाढण्याच्याच धातूवरून आलाय, तेव्हा माणूस वाढतो आणि लग्न वाढत नाही हा भेद त्यातून निघत नाही. आज वर्धापनदिन बँकेचा, संस्थेचा, वर्तमानपत्राचा. मैत्रिणीला तो शब्द लिहिलात तर तिला संचालक मंडळाचं निमंत्रण आल्यासारखं वाटेल.

आता ‘संसार’ आणि ‘कौतुक’. दोन्ही शब्द हिंदीत आहेत, म्हणूनच फसवतात. आपला संसार म्हणजे नवरा, बायको, मुलंबाळं, भांडीकुंडी, हप्ते, सगळं. हिंदीतला संसार म्हणजे जग. तुमचं वाक्य तिकडं ‘तुमचं जग सुखी राहो’ असं वाचलं जाईल. अर्थ अगदीच बिघडत नाही, पण घर त्यातून निघून जातं. तिथं ‘गृहस्थी’ म्हणा. ‘कौतुक’ जास्त धोक्याचा आहे. हिंदीत त्याचा अर्थ कुतूहल, नवल, कधी तमाशा. ‘मुझे तुम्हारा कौतुक लगता है’ हे हिंदीत वाक्यच होत नाही, आणि कुणी त्यातून अर्थ काढलाच तर तो नको तोच निघेल.

शब्दवेडा: मग ‘मुझे तुम पर नाज़ है’ लिहावं. झालं.

हिंदीचे मास्तर: नाज़ म्हणजे अभिमान. कौतुकात अभिमान आहे, माया आहे आणि थोडं डोळे भरून बघणंही आहे. मला त्याला हिंदीत एक शब्द सापडलेला नाही. म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. हे भाषांतर करूच नका. मराठीत जे लिहाल ते फक्त तिला लिहा. हिंदीत जे लिहाल ते फक्त त्याला. मजकूर एकच असायची गरज नाही. निरोप कोरडा वाटतो त्याचं कारणही मला हेच वाटतं. दोन्ही भाषांत चालेल असं लिहायला गेलात आणि कुणालाही चालेल असं लिहून बसलात. ‘हार्दिक शुभेच्छा’ हा शब्द वाईट नाही, पण बाकीच्या वाक्यांत तुम्ही दोघी कुठं दिसत नाही.

तेव्हा सांगा, ती गेल्यावर पहिल्या वर्षी काय झालं? आणि त्या माणसाबद्दल तुम्हाला काय आठवतं?

मंगळवारपेठ: पहिल्या वर्षी तिला तिकडं अजिबात करमायचं नाही. रोज फोन करून ‘करमंना गं’ म्हणून रडायची. दाजी स्वतः फोन लावून तिच्या हातात द्यायचे. त्याआधी मला विचारायचे, ‘जेवलीस का?’ मराठीतलं तेवढं एकच वाक्य त्यांना यायचं. आणि गेल्या दिवाळीत माहेरी आली, तर आठवड्याच्या आत म्हणाली, ‘आता घरी जायला पाहिजे.’ घर म्हणजे लखनौचं. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं.

हिंदीचे मास्तर: निरोप हाच आहे. करमणं, माहेर, घर हे मराठीत तिला लिहा. फोन आणि ‘जेवलीस का’ हिंदीत त्यांना लिहा. ‘करमत नाही’ला हिंदीत सरळ ‘मन नहीं लगता’ आहे, तिथं अडचण नाही. आणि ‘जेवलीस का’ हिंदी वाक्यात तसंच मराठीत ठेवा. ते त्यांचंच वाक्य आहे.

गोमतीकाठी: मी बरीच वर्षं लखनौत राहते, माहेर सांगलीचं. दोन गोष्टी. इथं ‘आप’ फार मोठा आहे, लहान पोरांनाही आप म्हणणारी घरं आहेत. दाजींना ‘तुम’ अजिबात लिहू नका. आपण ‘तुम्ही’ला जवळचा म्हणून ‘तुम’ वापरतो, पण तो तुम्हीपेक्षा खालचा आहे. दुसरी गंमत म्हणजे इथल्या कितीतरी बायका ‘मैं’ म्हणतच नाहीत. ‘हम जा रहे हैं, हम कल आएँगे’ असं बोलतात, म्हणजे क्रियापद पुरुषांसारखंच. ताईंचा ‘मी येतो’ ऐकून मला इथल्या शेजारणीच आठवल्या. तुमच्या मैत्रिणीला तिकडची बोली परकी वाटली नसेल.

मंगळवारपेठ: खरंच की, आता तीसुद्धा फोनवर ‘हम’ म्हणते! मग मीही ‘हम’ लिहू काय?

गोमतीकाठी: मी तरी लिहिणार नाही. तो तुमचा आवाज नाही. तुम्ही ‘मैं’च लिहा, स्त्रीलिंगी.

शब्दवेडा: त्याच न्यायानं मराठीतही लेखी भाषेत ‘येते’ लिहायला हवं. बोली बोलण्यात ठीक आहे. उद्या तो कागद तिच्या मुलांनी वाचला तर ती चुकीची मराठी शिकतील.

हिंदीचे मास्तर: न्याय तोच आहे, पण निकाल उलटा लागतो. ‘मी येतो’ हाच यांचा आवाज आहे. कार्यालयीन पत्र असतं तर मी तुमच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

शब्दवेडा: मला पटलं नाही. चूक मायेनं केली तरी चूकच राहते.

विदर्भकन्या: मला तर वाटतं, आपल्या आईची मैत्रीण असं बोलायची हे मुलांना कळलं तर चांगलंच आहे. एक विचारते. ‘दाजी’ला हिंदीत जीजाजी करायचं का?

मंगळवारपेठ: नको. दहा वर्षं मी त्यांना दाजीच म्हणतो, त्यांना ते कळतं. हे नवं लिहिलंय. सुरुवातीला तिची हाक असेल, ती इथं लिहीत नाही.

«अगं, दहा वर्षं झाली बघ. पहिल्या वर्षी रोज फोनवर ‘करमंना’ म्हणून रडायचीस. आणि गेल्या दिवाळीत माहेरी येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, तर म्हणालीस, ‘आता घरी जायला पाहिजे.’ मला वाईट नाही वाटलं, बरं वाटलं. परक्या गावात संसार उभा केलास, माणसं आपली केलीस, मला तुझं लई कौतुक वाटतं. उन्हाळ्यात ये. मी स्टेशनवर न्यायला येतो.

दाजी, पहले साल जब इसका वहाँ मन नहीं लगता था, तब आप ही फ़ोन मिलाकर इसके हाथ में देते थे। उससे पहले मुझसे पूछते थे, ‘जेवलीस का?’ मैं वह भूली नहीं हूँ। आप दोनों की गृहस्थी ऐसे ही हँसती-खेलती रहे। शादी की सालगिरह मुबारक।»

हिंदीचे मास्तर: यात मी काही बदलणार नाही. फक्त ‘आप दोनों’मध्ये मैत्रीणही आप झाली, तेवढं एक टोचतं. पण ‘तुम दोनों’ केलं तर दाजी तुम होतात. वरच्या भागात तिला ‘अगं’ म्हणून बोलावलंय, तेव्हा ती समजून घेईल.

गोमतीकाठी: इथं नवरा-बायकोही एकमेकांना आप म्हणतात. तिला खटकणार नाही.

उजळाईवाडी: विषय थोडा वेगळा आहे, पण विचारतो. माझ्या बेळगावच्या मित्राची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांच्या लग्नाची तारीख मला पाठ आहे, दर वर्षी मी फोन करायचो. गेल्या वर्षी काय लिहावं सुचलं नाही म्हणून गप्प बसलो. या वर्षी लिहावं का?

शब्दवेडा: लिहू नये. शुभेच्छा कशाच्या देणार?

हिंदीचे मास्तर: शुभेच्छा हा शब्द नको हे खरं. पण ती तारीख त्यांच्या मनात येणारच आहे, तुम्ही लिहा किंवा नका लिहू. वहिनींची एखादी नेमकी आठवण असेल तर तेवढीच लिहा, उत्तराची अपेक्षा न ठेवता. त्यांना त्या दिवशी एकटं राहायचं असेल तर मात्र तेही चालू शकणार नाही, आणि ते मला इथं बसून सांगता येत नाही.

उजळाईवाडी: वहिनी आम्हाला कुंदा बांधून द्यायच्या, आणि डबा परत आणायला विसरू नका म्हणून दारापर्यंत सांगत यायच्या. एक डबा अजून माझ्याकडंच आहे.

मंगळवारपेठ: दादा, डब्याचं लिहा. नाहीतर डबा घेऊन जावा, बेळगाव काय लांब नाही.