रिटायरमेंटनंतर लाकडी घाणा टाकायचाय, मशीन कोणती घेऊ?

कृष्णाकाठ: घराखाली रस्त्याला लागून गाळा रिकामा आहे. शेंगदाणा तेलाचा घाणा टाकायचं नक्की केलंय. पेन्शन विकून काही रक्कम येईल, ती त्यातच घालणार. एक घाण्याची घेऊ की दोन घाण्यांची? लवकर सांगा, मशीनवाला रोज फोन करतोय.

माणदेशी: गाव कुठलं? थ्री-फेज आहे का? रिटायर झालात की व्हायचंय?

कृष्णाकाठ: सातारा. मीटर सिंगल फेज. सहा महिने बाकी आहेत. मशीनचं सांगा ना.

रानमेवा: बिनधास्त दोन घाण्यांची घ्या. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35% अनुदान आहे. आधी मशीन घ्यायची, मग बिल लावायचं.

माणदेशी: रानमेवा, 35% बरोबर, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. रोखीनं मशीन घेतली की हातातून गेलं. योजनेत आत्ता अर्ज घेतायत का, ते आधी कृषी कार्यालयात विचारा. आणि कृष्णाकाठ, नोकरीत असताना परवानगीशिवाय धंदा काढू नका, 1979 चे वर्तणूक नियम आड येतात.

माझा घाणा एकच आहे. एका वेळी 12 किलो दाणे, पाऊण-एक तास. तेल साधारण 5 किलो निघतं, पेंड साडेसहा किलोच्या आसपास. दाणे 120 नं धरले तर 1440 रुपये तिथेच गेले. तेल 320 नं विकलं तर 1600, पेंड 35 नं सव्वादोनशेच्या वर. हातात चारशे राहतात, त्यातून वीज, बाटल्या आणि माणसाचा पगार. दिवसाला चार घाणे निघायला वेळ लागत नाही, गिऱ्हाईक मिळायला लागतो. म्हणून आधी एकच.

सुलभाताई: दादा, पेन्शन विकू नका हो! ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीला व्याज. आमच्या ह्यांनी तेच केलं.

कृष्णाकाठ: ताई, मला व्याज नको, काम हवंय. माणदेशी, 5 किलोच? मशीनवाला सहा म्हणतोय.

माणदेशी: सहा म्हणजे निम्मं तेल. एवढं लाकडी घाण्यात निघत नाही, पेंडीत राहतंच. त्याच्यासमोर तुमचे दाणे घालून, तेल दोन दिवस निवळल्यावर वजन करा. ताज्या तेलात गाळ असतो, तोही काट्यावर तेल म्हणून चढतो.

रानमेवा: दाणे उन्हात कडक वाळवले की सहाही निघतं.

माणदेशी: फार वाळले की पेंड धरत नाही, भुसा होतो आणि तेल सुटत नाही. आम्ही उलट पाण्याचा हबका मारतो. खरी काळजी बुरशीची. काळपट, खवट दाणा निवडून काढायलाच हवा, ते विष तेलात उतरतं. निवडायला कोण बसणार?

कृष्णाकाठ: बायको म्हणते बसेन. थ्री-फेजचा अर्ज आत्ताच तिच्या नावानं केला तर चालेल का?

माणदेशी: गाळा कोणाच्या नावावर आहे?