जुन्या व्रणावरची नवी गाठ

"भाजल्याचा व्रण तीस वर्षांचा आहे, आता त्यावर गाठ आलीय, पट्टी बदलताना रक्त येतं. मलम बदलून बघू का?"

मलमात वेळ घालवू नका, आधी बायोप्सी करून घ्या. पुन्हापुन्हा उकलणाऱ्या जुन्या व्रणात त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. भाजल्यानंतर तो बहुधा काही दशकांनी उद्भवतो, म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही" यात दिलासा नाही.

अशा जखमेची बायोप्सी 'नॉर्मल' आली म्हणून कुणी निश्चिंत होईल, पण तुकडा कुठून घेतला हे महत्त्वाचं. माझ्या मावशीच्या गुडघ्यामागच्या जखमेची कड एका बाजूला टणक होऊन बाहेर वळली होती. पहिला तुकडा मधून घेतला, त्यात फक्त सूज आणि मृत पेशी निघाल्या. जखम तशीच वाढत राहिली, तेव्हा सर्जनने कडेवरून चार ठिकाणी खोल तुकडे घेतले आणि त्यात कर्करोग सापडला. मग जांघेतल्या गाठीही तपासल्या, कारण तो तिथे पसरू शकतो. व्रणापुरता असतानाच आजूबाजूच्या निरोगी त्वचेसह काढून टाकला, तर पाय वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते.