शब्दचर्चा: 'रिव्हर्स्ड' पानाला मराठीत काय म्हणावं? (ताईला पत्र लिहायचंय)

धाकटी: ताईनं तिच्या मैत्रिणीकडून टॅरोची तीन पानं काढून घेतली. भावोजी बँकेत आहेत, मार्चएंडमुळे रोज घरी यायला अकरा वाजतात, आणि हिच्या मनात नाही नाही ते येतं. मैत्रिणीनं फोटो आणि इंग्रजी नावं पाठवली, अर्थ ताईनं स्वतः शोधून वाचले आणि रात्रभर जागी राहिली. पानं अशी: नाइन ऑफ स्वॉर्ड्स, द मून, आणि शेवटचं एट ऑफ पेंटॅकल्स, रिव्हर्स्ड. फोनवर ती ऐकून घेत नाही, म्हणून पत्र लिहितेय. सुरुवात केली, "ताई, घाबरू नकोस. तुला नऊ तलवारी, चंद्र आणि आठ नाण्यांचा उलटा पत्ता लागला आहे." वाचून मलाच धडकी भरली. 'रिव्हर्स्ड'ला सौम्य शब्द आहे का? आणि पत्ता म्हणू की पान?

रमीबाज: पानच. 'पत्ता' म्हटलं की टपाल आठवतं, आणि नवरा उशिरा येणाऱ्या बाईला पत्रात 'पत्ता लागला', 'पत्ता नाही' असलं काही लिहू नये. रिव्हर्स्डला 'उपडं पान' म्हणा. सोपं आहे.

पत्तेवाली: उपडं म्हणजे पाठ वर, चित्र खाली. पिसून झाल्यावर सगळी पानं उपडीच असतात. रिव्हर्स्ड पान उघडलेलंच असतं, फक्त चित्रातल्या माणसाचं डोकं तुमच्याकडे येतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'पालथं'ही तसंच, शिवाय पालथ्या घड्याची आठवण येते ती वेगळीच.

आकाशगंगा: ताईंची रास कोणती? चंद्र निर्बळ असेल तर मन अस्वस्थ राहतंच. सोमवार करायला सांगा.

धाकटी: कुंडली नाही हो, पत्त्यांतलं पान आहे. त्यावर चंद्राचं चित्र आहे.

आकाशगंगा: चंद्र तो चंद्रच की.

पत्तेवाली: इथेच तर घोळ आहे. आपल्याकडे चंद्र मनाचा कारक, लहान मुलांचा मामा. त्या पानावर मात्र एक कुत्रा आणि एक लांडगा चंद्राकडे तोंड करून उभे आहेत, पाण्यातून खेकड्यासारखा प्राणी वर येतोय आणि वाट दोन बुरुजांमधून लांब गेलीय. एवढ्याशा उजेडात काय आहे आणि काय वाटतंय यातला फरक कळत नाही, असा त्याचा रोख. नेटवर त्याचंच 'फसवणूक' करून टाकतात. ताईंनी बहुतेक तेच वाचलं असणार. मी 'चंद्र' न लिहिता 'चांदण्याचं पान' लिहीन. चांदण्यात दोरीचा साप दिसतो, हे ताईंना वेगळं समजवावं लागणार नाही.

वाडीकर: साप निघालाच आहे म्हणून सांगतो. 'तुला पान लागलं' असं अजिबात लिहू नका. आमच्याकडे सावंतवाडीत साप चावला की 'पान लागलं' म्हणत. सापाचं नाव तोंडी येऊ नये म्हणून. आजी तर 'चावला' हा शब्दच काढायची नाही. पान 'आलं' म्हणा. बाकी आमच्या गंजिफाची पानं गोल. दशावतारी गंजिफात १२० पानं, दहा अवतारांची दहा घराणी. पण खेळताना उलटं-सुलटं हा प्रश्न येतच नाही, कसंही धरा.

धाकटी: बापरे, बरं झालं सांगितलंत. म्हणजे भीतीचं नाव न घेण्याची आपली पद्धत आहेच की. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. तसं 'उलटं'ला काही?

पत्तेवाली: मला ती वाट धोक्याची वाटते. बांगडी 'वाढवली' म्हटलं की फुटली हे सगळ्यांना कळतंच. मऊ शब्दानं भीती झाकली जाते, जात नाही. ताई हुशार असतील तर तुम्ही शब्द गुळगुळीत करताय हे लगेच ओळखतील. तुमचं पहिलं वाक्यच बघा. 'घाबरू नकोस'नं सुरू होणारं पत्र म्हणजे घरी काहीतरी झालंय. ते आधी काढा. मग चित्रात काय आहे तेवढंच सांगा. आणि क्रियापद सांभाळा. 'पान सांगतं' म्हटलं की त्याचा कौल होतो. 'पानावर दिसतं' म्हटलं की ते चित्र राहतं.

रमीबाज: उपडंचं मान्य. पण तलवारींवर माझ्याकडे उपाय आहे. मे महिन्यात मामाकडे आपण काय म्हणायचो? दुर्री, तिर्री, सत्ती, अठ्ठी, नव्वी. 'तलवारींची नव्वी' आणि 'नाण्यांची अठ्ठी' लिहा. नव्वीला कोण घाबरतंय? खरं तर इस्पिकची नव्वीच म्हणा, इस्पिक म्हणजे तलवारच.

पत्तेवाली: नव्वी झकास! इस्पिक नको, तिथे आपल्याला काळं पान दिसतं, तलवार नाही. नातं आहे खरं, इटालियन पत्त्यांतल्या तलवारींना 'स्पादे' म्हणतात आणि इंग्रजी स्पेड तिकडूनच आलं. आणि हे ताईंना नक्की सांगा: टॅरो मुळात पंधराव्या शतकातला उत्तर इटलीतला डावच होता. जुन्या मार्सेय पत्त्यांत या पानावर नुसत्या नऊ तलवारी आहेत, माणूस नाहीच. अंथरुणात उठून बसलेली, तोंड ओंजळीत धरलेली बाई आली १९०९ मध्ये, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं रायडर संच काढला तेव्हा. आणि नीट बघा, तलवारी मागे अंधारात आडव्या आहेत, एकही तिला लागलेली नाही. तिच्या गोधडीवर गुलाब आहेत. त्या पानावर ताई स्वतः आहेत, भावोजी नाहीत.

नागपूरकर: नव्वी कुठली, आमच्याकडे नहलाच म्हणतात.

धाकटी: 'उलटं'चं राहिलंच. 'फिरलेलं पान' कसं वाटतं?

रमीबाज: डोकं फिरलेलं आठवतं.

पत्तेवाली: मी लोकांना सांगते, हे पान समोरच्याच्या बाजूनं सुलटं आहे. तसंही पुष्कळ जण उलट-सुलट धरतच नाहीत, सगळी पानं सरळ करून घेतात. उलट्या अठ्ठीचा नेहमीचा अर्थ एवढाच, की काम संपता संपत नाही आणि त्यातली गोडी गेलीय. पानं यापुढे जात नाहीत. भावोजी अकरापर्यंत कुठे असतात हे कुठल्याच पानात नसतं, तेही लिहा.

धाकटी: हे बघा, असं लिहिलंय:

"ताई, तुझी तीन पानं पाहिली. पहिल्यावर एक बाई रात्री उठून बसलीय. तलवारींची नव्वी म्हणतात तिला. तलवारी मागे भिंतीवरच आहेत, तिला एकही टोचलेली नाही. ती तूच आहेस, साडेदहाला गॅलरीत जाऊन गाडीचा आवाज ऐकणारी. दुसरं चांदण्याचं पान. एवढ्या उजेडात दोरीही वळवळते. तिसरं नाण्यांची अठ्ठी. एक माणूस बाकावर बसून एकेक नाणं ठोकतोय, गाव मागे लांब राहिलंय. हे तुझ्याकडून उलटं आलं, भावोजींच्या बाजूनं बघितलंस तर सुलटं आहे. ते कुठे असतात ते पानांवर नाही. ते त्यांनाच विचार, पण जेवण झाल्यावर."

पत्तेवाली: 'वळवळते'पेक्षा 'हलल्यासारखी वाटते' बरं.

वाडीकर: आणि 'विचार' काढा. विचारतो तो जाब. 'त्यांच्याशी बोल' लिहा.

रमीबाज: 'बोल' म्हटलं की आमच्याकडे भांडण.

धाकटी: मग 'जेवण झाल्यावर दोघं थोडा वेळ बसा' लिहिते.

आकाशगंगा: सोमवारचं लिहिलंत का?