नथीचा रेंडर: लेन्स, एफ-स्टॉप आणि फोकस कसा ठरवू?

अबोली: ब्लेंडरच्या सायकल्समध्ये मोत्यांची नथ करतेय. रुंदी ३ सेंमी, पुढून मागे १ सेंमी. ५० ची लेन्स घेऊन कॅमेरा जवळ नेला तर नथ पुढून कापली जायची, म्हणून सगळं १०० पट मोठं केलं. आता एफ २.८ ला काहीच धूसर होत नाही, ०.०३ केलं तर एकच मोती स्पष्ट. मला अख्खी नथ नीट दिसायला हवी आणि मागची मखमल विरघळलेली. काय आकडे टाकू?

निखिल_के: ३५ ची लेन्स घे. वाइडला जास्त भाग फोकसमध्ये राहतो.

सावली: कॅमेरा जागचा हलवला नाही तरच, निखिल. नथ फ्रेममध्ये तेवढीच मोठी ठेवायची तर जवळ जावं लागतं, आणि त्याच एफ-स्टॉपला नथीवरची धूसरता होती तेवढीच राहते. लेन्सने बदलतो तो आकार. ६ सेंमी रुंद फ्रेमसाठी ५० ची लेन्स ८.३ सेंमीवर येते, मग पुढचा मोती मागच्यापेक्षा १२ टक्के मोठा दिसतो. १०० ची १६.७ सेंमीवर राहते, फरक निम्मा. शिवाय मखमल जास्त विरघळते. १०० च घे.

अबोली, आधी नथ परत ३ सेंमीची कर. कापली जात होती ती `Clip Start` मुळे. तिथे 0.1 m असतं, म्हणजे १० सेंमीच्या आतलं काही दिसतच नाही. 0.01 m कर. नथ १०० पट वाढली तरी लेन्सचं छिद्र तेवढंच राहिलं, म्हणून धूसरता गेली.

फोकस मधल्या मोत्यावर ठेवलास तर त्याच्या ५ मिमी मागचा मोती २००० पिक्सेल रुंद चित्रात एफ २.८ ला ३५ पिक्सेल पसरतो, एफ १६ ला ६, एफ ३२ ला ३. मखमल ३० सेंमी मागे सरकव, एफ १६ लाही ती शंभरावर पिक्सेल पसरते.

फोटोवाला_सातारा: एफ ३२ नको हो! डिफ्रॅक्शनने सगळंच मऊ पडतं. मी दागिने ११ च्या वर कधी नेत नाही, फोकस बदलत दहा-बारा फ्रेम काढून जोडतो.

सावली: खऱ्या लेन्सला अगदी बरोबर, दादा. सायकल्स डिफ्रॅक्शन मोजत नाही, तिथे ३२ ला तो तोटा नाही.

ऋजुता: मी अत्तराच्या बाटलीला डेप्थ पास काढून धूसरता नंतर देते. काचेतून दिसणारं लेबल मात्र चुकतं, कारण पासमध्ये काचेचंच अंतर येतं. नथीत खडा असेल तर सांभाळ.

अबोली: खडा आहे, म्हणजे कॅमेऱ्यातच करते. `Focus on Object` ला नथ दिली होती, तरी एकही मोती नीट नव्हता.

सावली: ओरिजिन कड्याच्या पोकळीत असेल. फोकस ओरिजिनवर जातो, पृष्ठभागावर नाही. मधल्या मोत्याच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला एम्प्टी चिकटव आणि तिथे तिचं नाव दे.

अबोली: केलं. १०० ची लेन्स, एफ २२. मागचे मोती किंचित मऊ आहेत, पण खोली दिसते. ३२ ला सगळं लख्ख, पण नथ चपटी वाटते. दोन्ही सराफांना पाठवलेत, अजून उत्तर नाही.