अनुभव धागा: आत गेल्यावर पहिल्या दिवशी काय काय काढून घेतलं?

मोहफूल

आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्या आठवड्यात धारणीच्या बसस्टँडवर पत्र्याची पेटी डोक्यावर घेतलेले आईबाप दिसले की माझा पहिला दिवस आठवतो. आश्रमशाळा, वसतिगृह, जेल, कुठंही राहिला असाल तर लिहा. त्रास होता का, हे मी विचारत नाहीये. पहिल्या दिवशी काय गेलं, कोणत्या क्रमानं गेलं आणि परत काय मिळालं, तेवढं सांगा.

आधी माझं. घरी मी फुलाय. रजिस्टरात गुरुजींनी फुलवंती लिहिलं, जन्मतारीख 1 जून. वर्गातले निम्मे 1 जूनचेच. मग केस कापले. मग आईनं शिवलेलं पोलकं पेटीत गेलं आणि पेटीची किल्ली अधीक्षिकाबाईंच्या जुडग्यात. थाळीवर लाल ऑइलपेंटनं 43. संध्याकाळी तहान लागली तेव्हा मी "डा" मागितलं. कोरकूत पाण्याला डा म्हणतात. वाढणाऱ्या बाई आमच्याच पट्ट्यातल्या, त्यांना शब्द कळला होता. तरी "पाणी म्हण" म्हणाल्या आणि मी म्हणेपर्यंत तांब्या हातात धरून उभ्या राहिल्या.

पंधरा दिवसांनी आई आली. तिनं फाटकावर फुलायला विचारलं. चौकीदार म्हणाला, अशी पोरगी इथं नाही. दुपारपर्यंत ती बाभळीखाली बसून होती.

माजी सैनिक

ताई, वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही लिहितो. मी नवोदयला सात वर्षं होतो, नंतर फौजेत. केस आम्हीही कापले, नंबर आम्हालाही मिळाला. पाटलाचा पोट्टा आणि मजुराचा पोट्टा एका रांगेत, एका थाळीत जेवला, ते त्या गणवेशामुळेच. गावात राहिलो असतो तर माझं आडनाव आयुष्यभर माझ्यापुढे चाललं असतं. काही गोष्टी काढून घेतल्या त्या बऱ्याच झाल्या.

धुऱ्यावरचा

मी 14 महिने आत होतो. धुऱ्याच्या भांडणात 307 लागली, पुढे सुटलो. न्यायबंदी होतो, म्हणून कपडे स्वतःचेच, कैद्याचे नव्हते. लोकांना वाटते तेवढ्यानं माणूस वाचते. फाटकात झडती झाली. पट्टा, चप्पल, पैसे गेले, त्यांची नोंद झाली, सही घेतली. अंगावरच्या खुणा लिहिल्या : उजव्या गुडघ्यावर वण, मानेवर तीळ. हा तीळ मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. शेवटी करदोडा कापला. फास घेईल म्हणून कापतात, कारण खरंच आहे. पण बारशापासून कमरेला होता, बाप मेला तेव्हाही बदलला नव्हता. त्याची नोंद कुठंच नाही. कचऱ्यात गेला.

गिनतीला जोडीजोडीनं खाली बसवतात. सुटून घरी आलो तर पहिला महिनाभर रात्री लघवीला जायचं तर बायकोला विचारत होतो, "जाऊ का?" ती आधी हसली. मग हसणं बंद केलं तिनं.

भाचीची मामी

माझी भाची यंदा आठवीत जात आहे, शासकीय वसतिगृहात नंबर लागला. पेटीत काय काय द्यावं? कुलूप चालते का? आणि जेवणाचे पैसे खात्यात येतात म्हणे, ते कोणाच्या खात्यात? इथं विचारलं तर चालते ना बाप्पा?

कोर्टाची पायरी

मामी, चालतं. पैशांचं गृहपालांनाच विचारा, वसतिगृहागणिक ते वेगळं असतं. पण एक आधी पाहा : भाची शाळेत बाहेर जाणार की शाळा त्याच कुंपणात आहे? मला विचाराल तर मोठा फरक तिथंच पडतो.

मी विधी सेवेच्या कामासाठी तुरुंगात जाते. अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1955-56 मध्ये वॉशिंग्टनच्या एका मोठ्या मनोरुग्णालयात वर्षभर रुग्णांमध्ये वावरून त्यांचा दिवस पाहिला आणि 1961 मध्ये पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं मला आपल्याकडे लागू पडताना दिसतं. बाहेर आपण झोपतो एकीकडे, काम करतो दुसरीकडे, खेळतो तिसरीकडे, आणि तिन्ही ठिकाणचा साहेब वेगळा. शाळेत मार खाल्ला तरी घरी आजीचा लाडका असतो. एकाच कुंपणात एकाच साहेबाच्या हाताखाली सगळं आलं की ही पळवाट बंद होते. माझ्या एका अशिलाच्या मुलीनं आश्रमशाळेत रात्री रुसून ताट सरकवलं. सकाळी वर्गात गुरुजींनी विचारलं, "काल माजली होतीस म्हणे?" दुपारी खेळायला सोडलं नाही. तिनं तोंड फिरवलं तर उद्धट म्हणून शेरा. रुसणं हीच तिच्याकडची एक स्वतःची गोष्ट होती, तीच तिच्याविरुद्धचा पुरावा झाली. केस कापण्यापेक्षा मला हे जास्त खोल जाणारं वाटतं. तालुक्याच्या वसतिगृहात राहून कॉलेजला जाणाऱ्या पोराचं असं सहसा होत नाही. त्याला दिवसाचे सहा तास दुसरं नाव असतं.

दादा (माजी सैनिक), तुमचं म्हणणं मी खोडत नाही. गॉफमननंही बराकी आणि निवासी शाळा याच मोठ्या गटात धरल्या आहेत, फक्त त्या एखादं काम नीट पार पडावं म्हणून असतात. तुम्ही परीक्षा देऊन, मिरवत आत गेलात. मात्र आडनाव पुसलं जातं हे सगळीकडे खरं नाही. तुरुंगात नाव मागे पडायचं, पण रजिस्टरात जातीचा रकाना असायचा आणि झाडू कुणी धरायचा, स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवर ठरवणारे नियम होते. सुप्रीम कोर्टानं 3 ऑक्टोबर 2024 ला ते घटनाबाह्य ठरवले आणि रकाना काढायला सांगितलं. म्हणजे संस्था काढून घेते ते निवडून घेते. करदोडा कापते, जात ठेवते.

माजी सैनिक

हे पटलं. आमच्यातही कोण कुठला ते सगळ्यांना माहीत असायचंच. पण शिस्तीशिवाय चारशे पोरं सांभाळून दाखवा.

जुडगा

तो जुडगा माझ्याही कमरेला आहे. अधीक्षिका आहे, कुठल्या शाळेत ते लिहीत नाही. मुली 120, रात्री मी आणि एक कामाठी. उवा एकीला झाल्या की आठवड्यात हॉलभर. औषध वेळेवर येत नाही, कात्री मात्र हाताशी असते. मी केस कापते. मागच्या वर्षीपासून आधी विचारते आणि फणीनं निघत असतील तर फणीच घेते. त्यात दोन संध्याकाळी जातात. दरवेळी वेळ मिळते असं सांगणार नाही. पेटीची किल्ली घेऊ नये, हे मात्र मला पटत नाही. किल्ली मुलीकडे ठेवली तर चोऱ्या होतात, मग मलाच जाब विचारतात.

मोहफूल

बाई, चोऱ्या आमच्यातही व्हायच्या. पण किल्ली तुमच्याकडे असताना आम्ही उशीत वस्तू शिवायचो. माझ्या उशीत वाळलेली मोहफुलं होती. रात्री एकेक चोखायची. आणि कोरकू बोलायची जागा म्हणजे हौदामागे, कपडे धुताना. तिथं मी फुलायच असायचे. त्या दोन गोष्टी नसत्या तर काय झालं असतं, मला माहीत नाही.

मामी, पेटीत दोन पोलकी जास्त द्या. एक सापडणार नाही असं धरूनच चाला. आणि भेटायला जाल तेव्हा रजिस्टरातलं नाव कागदावर लिहून न्या.

धुऱ्यावरचा

करदोडा मी पुन्हा बांधला. पण रोज आंघोळीला आहे का ते हात लावून पाहतो. आधी कधी पाहत नव्हतो.

जुडगा

फुलाय ताई, तुमचं वाचून काल मुलींना विचारलं, घरी काय म्हणतात? 31 जणींची नावं वेगळी निघाली. मी वहीत रकाना पाडून लिहून ठेवली.

मोहफूल

कोणत्या वहीत? हजेरीच्या?

जुडगा

नाही. माझ्या स्वतःच्या. हजेरीत तसा रकाना नाही.