मदत हवी आहे: जपानी कथेतील न सांगितलेला कर्ता मराठीत कसा झाकावा?

मी कोल्हापूरला राहून एका जपानी लघुकथेचा मराठी अनुवाद करीत आहे आणि एका वाक्याशी अडले आहे. मूळ वाक्य असे: ‘कासा ओ काशिते कुरेते, सोनोमामा काएत्ता.’ यात एकही सर्वनाम नाही. मात्र ‘कुरेते’ हे रूप देणारा दुसरा कोणी असून घेणारा निवेदकाच्या बाजूचा आहे हे सांगते. त्यामुळे ‘मला छत्री दिली’ इथपर्यंत शंका नाही. देणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे मात्र लेखकाने तिसऱ्या पानापर्यंत उघड केलेले नाही.

मराठीत ‘छत्री दिली’ मध्ये क्रियापद छत्रीप्रमाणे चालते, म्हणून देणाऱ्याचे लिंग झाकलेले राहते. पण पुढे ‘निघून गेला’ की ‘निघून गेली’ हे ठरवावेच लागते. सध्या मी ‘मला छत्री दिली आणि भिजतच घरची वाट धरली’ असे लिहिले आहे, कारण ‘धरली’ हे वाटेशी जुळते. एका वाक्यात हे खपते, परंतु पुढे ‘हसला’, ‘थांबला’, ‘आला’ अशी अकर्मक क्रियापदे ओळीने येतात आणि प्रत्येक वेळी अशी वळणे घेतली तर भाषा अवघडल्यासारखी होते.

निवेदकाचेही लिंग स्पष्ट नाही. आमच्याकडे बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, पण ते रूप वापरल्यास निवेदक कोल्हापूरचाच वाटेल.

अशा वेळी आपण लिंग आधीच उघड करता, की ‘त्या व्यक्तीचे हसणे’ यांसारख्या नामरचना पत्करता?