मदत हवी आहे: १ मार्चला घड्याळ २९ दाखवतंय, बिघडलंय का?

पुणेरी_काटा: मंडळी, मामांनी त्यांचं ॲन्युअल कॅलेंडर घड्याळ मला दिलंय, ऑटोमॅटिक आहे, तारीख वार महिना सगळं दाखवतं. नोव्हेंबर संपला तेव्हा ३० वरून बरोब्बर १ वर गेलं, मी खूश. आज १ मार्च २०२६, सकाळी बघतो तर २९ आणि महिना अजून फेब्रुवारीच! दुकानात न्यायचं का? आणि पर्पेच्युअल घेतलं असतं तर हे झालं नसतं ना?

निवांत: माझ्याकडे बाबांचं एचएमटी ऑटोमॅटिक आहे, त्यालाही असंच होतं, वर्षातून पाच वेळा तारीख हलवतो. काही बिघाड नाही रे.

टिकटिक_दादा: निवांत, तुझं साधं डेटवालं, ते प्रत्येक महिना ३१ चाच मानतं. ह्याचं ३० आणि ३१ चा फरक ओळखतं पण फेब्रुवारी २८ चा की २९ चा हे त्याला कळतच नाही, मेकप्रमाणे तो ३० किंवा ३१ दिवसांचा धरलेला असतो. म्हणून वर्षातून एकदा, आजच्याच दिवशी, हात लावायचा. केसच्या कडेला खोलगट बटण असेल तर सोबतच्या पिनने तारीख एकेक पुढे ने, १ येईपर्यंत, आणि महिना मार्च झाला का बघ, नसेल तर तो वेगळा लाव. फक्त घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मधली वेळ असताना दाबू नकोस, तेव्हा तारखेची चाकं आधीच एकमेकांत गुंतलेली असतात, दात तुटू शकतो. खरा बिघाड ओळखायचा तर १ मेला बघ, ३१ एप्रिल दिसला तर काहीतरी चुकलंय.

कोकणकडा: पर्पेच्युअल घे, त्याला जन्मात हात लावावा लागत नाही.

टिकटिक_दादा: चालू ठेवलं तर बरोबर, तेही २१०० पर्यंतच. आत चार वर्षांत, म्हणजे ४८ महिन्यांत एक फेरा घेणारी कॅम असते, तिच्या खाचा महिन्याप्रमाणे कमीजास्त खोल. चाराने भाग जाणारं प्रत्येक वर्ष ती लीप धरते, २००० लीप होतंच म्हणून निभावलं, २१०० लीप नाही त्यामुळे १ मार्च २१०० ला ते २९ फेब्रुवारी दाखवणार. बंद पडलं की मात्र सगळं आलंच. कर्ट क्लाउसने आयडब्ल्यूसीसाठी १९८५ ला केलेलं दा विंची सगळं एका क्राउनवर चालतं, पण पुढेच, मागे नाही. आज २४ असताना २६ झाली तर घड्याळ बंद ठेवून २६ उजाडायची वाट बघायची!

सेकंडहँड_शोधक: मी जुनं पर्पेच्युअल बघतोय, लीपचा छोटा काटा ३ वर आहे, चालेल का?

टिकटिक_दादा: २०२४ लीप होतं, म्हणजे २०२६ ला काटा २ वर हवा. आता काहीच चुकल्यासारखं वाटणार नाही, पण पुढच्या फेब्रुवारीत ते २९ दाखवेल. तो एकटा काटा हलवता येतो का हे मॉडेलवर आहे, विकणाऱ्याकडून आधी लावून घे.

पुणेरी_काटा: झालं! दोनदा दाबलं तर ३१, तिसऱ्यांदा १, आणि महिनाही आपोआप मार्च झाला. आता वाइंडर घ्यावा का, रोज घालत नाही मी.

कोकणकडा: घे, नाहीतर परत पिन शोधत बसशील.

निवांत: मला नाही पटत, उगाच रात्रंदिवस फिरवून मशीन झिजवायचं कशाला.